घरातला एकमेव स्कोअर

परत येण्याच्या यादीत एकूण त्रेसष्ट कलमं होती. पहिल्या महिन्यात मी त्यातली एकेचाळीस खोडली. अमेरिकेतून आणलेल्या खोक्यांची मोजदाद केली, अनिवासी खातं बँकेत जाऊन निवासी करून घेतलं, आधारवरचा पत्ता बदलला, गॅसचं पुस्तक आईबाबांच्या नावावर होतं ते तसंच राहू दिलं. बेचाळिसावं कलम होतं, ‘क्रेडिट रिपोर्ट काढणे’. पंधरा मिनिटांचं काम म्हणून ते मी एका रविवारी चहा गाळता गाळता करायला घेतलं.

वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पॅन नंबर टाकला, फोनवर आलेला आकडा भरला आणि पान उघडलं. स्कोअरच्या जागी होतं उणे एक.

मला वाटलं, इंटरनेट गडबडलंय. पुन्हा उघडलं. तेच. खाली बारीक अक्षरात खुलासा होता, की या व्यक्तीचा कर्जाचा कोणताही इतिहास उपलब्ध नाही. मी बावन्न वर्षांची. त्यातली एकोणीस वर्षं तिकडे नोकरी केलेली, दोन गाड्या आणि एक घर कर्जाने घेतलेलं, एकही हप्ता एक दिवससुद्धा उशिरा न भरलेला. तिकडचा माझा स्कोअर आठशेच्या वर होता आणि त्याचा मला, आता सांगायला हरकत नाही, गर्व होता. पुण्याच्या लेखी मात्र मी अजून जन्मायची होते. जायच्या आधी इथे स्कूटरसाठी घेतलेलं कर्ज आठवलं. ते इतकं जुनं, की त्याची नोंद कुठे झालीच नव्हती.

हे एरवी हसून सोडून दिलं असतं. पण यादीच्या सगळ्यात वर, लाल शाईत, एक कलम होतं, ‘बाबांना खाली आणणे’.

आईबाबा कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. सोसायटी जुनी, लिफ्ट नाही. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ते जिना आठवड्यातून एकदा उतरायचे आणि चढताना प्रत्येक मजल्यावर नातेवाइकांकडे आल्यासारखे थांबायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा पडले तर उठवणं अवघड आहे. आणि नेमका त्याच इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट विकायला निघाला होता. मालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलाकडे बंगळुरूला निघालेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि मुदतही दिली.

“दिवाळीपर्यंत थांबते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बाबांसाठी. तुमच्यासाठी थांबले असते असं समजू नका.”

तिकडचं घर अजून विकलं गेलं नव्हतं. नवरा मुलाची बारावी होईपर्यंत तिथेच होता. निवृत्तीचे पैसे आत्ता काढले तर दंड. हातातल्या बचतीतून फ्लॅटचा निम्मा भाग निघत होता, उरलेल्यासाठी गृहकर्ज. हिंजवडीत नोकरी लागून दोन महिने झाले होते, पगार चांगला होता. मला यात काळजीसारखं काही दिसलं नाही.

मी मग नेहमी करते तेच केलं. एक तक्ता केला. पाच बँका, व्याजदर, प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे की नाही. आणि नीट तुलना करता यावी म्हणून एकाच आठवड्यात पाचही ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरले. प्रत्येक अर्जाखाली एक चौकोन होता, त्यात टिचकी मारली की बँकेला आपला रिपोर्ट बघायची परवानगी मिळते. पाच टिचक्या मारल्या. गुरुवारपासून नकार यायला लागले. आधी एक, मग दोन, शनिवारी चौथा. ‘आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नाही’, एवढंच. कारण कुणी देत नव्हतं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी फोन उघडा ठेवून बसायचे आणि डब्यातली पोळी तशीच राहायची. आयुष्यात मला कुणी तीन दिवसांत चार वेळा नको म्हटलेलं नव्हतं.

पाचव्या बँकेने मात्र फोन केला. पौड रस्त्यावरच्या शाखेत या, आणि फ्लॅट ज्यांच्या नावावर होणार आहे त्या सगळ्यांना घेऊन या. फ्लॅट तिघांच्या नावावर व्हावा असं मीच अर्जात लिहिलं होतं, बाबा, आई आणि मी. जे जे मालक ते सगळे कर्जाचे सहअर्जदार, असा त्या बँकेचा नियम होता.

बाबांना खाली उतरवून रिक्षात बसवायला वीस मिनिटं लागली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आयुष्यभर ते एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते, त्यामुळे बँकेत जाताना त्यांची पाठ आपोआप ताठ होते. आई आधी येत नाही म्हणत होती. सही घरी घेता येत नाही का, असं तिने विचारलं. मग रिक्षात, वनाजच्या आसपास, तिने विचारलं, “सगळ्यांचे रिपोर्ट काढतात का गं?”

मी म्हटलं, हो, नियम आहे.

“माझा कशाला? मी काय कमावते?”

मी म्हटलं, नुसती औपचारिकता आहे. ती बाहेर बघत बसली. हातात नेहमीच्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, त्या ती सारख्या मागेपुढे करत होती. मला वाटलं, बँकेच्या नावानं घाबरली.

कर्ज अधिकारी तिशीचा, अकोल्याकडचा, बोलायला मऊ. बाबांना पाठ टेकायला त्याने खास दुसरी खुर्ची आणवली. तिघांच्याही सह्या घेऊन त्याने रिपोर्ट काढले आणि आधी माझा समोर धरला.

त्याने मला जे समजावलं ते ऐकून माझे कान तापले. नवीन माणसाला इतिहास नसतो, हे बँकेला समजतं, म्हणाला. कधी कधी पगार बघून देतातही. पण तुमचं पान कोरं नाहीये मॅडम. कर्ज एकही नाही आणि चौकशा पाच, त्याही सहा दिवसांत. बघणाऱ्याला काय वाटेल? परदेशातून आलेली बाई, नोकरीला दोन महिने, आणि दिसेल त्या दारात पैसे मागत फिरतेय. आपला आपण रिपोर्ट बघितला तर काही बिघडत नाही. बँकेने बघितला की त्याची नोंद राहते. पहिल्या बँकेत नुसतं जाऊन बोलला असतात तर बरं झालं असतं.

म्हणजे माझा तक्ता. माझ्या त्या नीटनेटक्या, रंगीत रकान्यांच्या तक्त्याने मला भिकेला लावलं होतं. भारतातल्या माझ्या आर्थिक चारित्र्यात ज्या पहिल्या पाच ओळी लिहिल्या गेल्या, त्या मीच लिहिल्या होत्या. मी तिकडचा रिपोर्ट छापून आणला होता, एकोणीस वर्षांचा. तो पुढे केला. त्याने तो आदराने चाळला आणि आदरानेच परत दिला. तो इथे कुठेच भरता येत नव्हता.

आता बाबांना राहवलं नाही.

“माझा बघा,” ते म्हणाले. “आयुष्यात कुणाचा एक पैसा ठेवला नाही मी. कर्ज हा शब्द घरात येऊ दिला नाही.”

अधिकाऱ्याने दुसरा कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. “म्हणूनच काका तुमचंही उणे एक आहे.”

“अहो, छत्तीस वर्षं लोकांना कर्जं दिलीत मी.”

“दिल्याचं येत नाही काका. घेतल्याचं येतं.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आकडा पुन्हा बघितला. मला वाटतं, निवृत्तीच्या दिवशीही ते इतके एकटे दिसले नसतील. त्यांच्या काळात कर्जदार समोर बसायचा, त्याच्या दुकानाबद्दल, भावाबद्दल, जामीनदाराबद्दल विचारलं जायचं, आणि बाबा घरी येऊन म्हणायचे, माणूस बरा आहे. आता ते स्वतः समोर बसले होते आणि माणूस बरा आहे की नाही हे कुणी विचारतच नव्हतं.

तिसरा कागद बाजूला ठेवून मी उठायच्या बेतात होते. अधिकारी म्हणाला, “काकूंचा मात्र उत्तम आहे. सातशे एक्याऐंशी.”

मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा आला असेल. नाव सारखं असतं कधी कधी.

त्याने पॅन नंबर वाचून दाखवला. जन्मतारीख वाचली. आई टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होती.

“सहा सोनेतारण कर्जं आहेत,” तो सहज सांगत होता, त्याला वाटलं आम्हाला माहीत आहे. “पाच फेडलेली, एक चालू. एकदाही एक दिवस उशीर नाही. हे सगळे शून्य बघा. म्हणजे उशिराचे दिवस शून्य. असा रिपोर्ट मला आठवड्यात एखादा दिसतो. फक्त ते चालू कर्ज आधी बंद करावं लागेल, म्हणजे फाइल स्वच्छ होईल.”

बाबांनी आईकडे वळून बघितलं. खुब्यामुळे त्यांना नुसती मान वळवता येत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. ते त्यांनी वळवलं.

“पाटल्या लॉकरमध्ये आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“लॉकरमध्येच आहेत,” आई म्हणाली. “त्या बँकेच्या.”

मी कागद ओढून घेतला. मला आकड्यांचं वाचन पटकन येतं, तोच माझा धंदा आहे. सहा ओळी. रक्कम, कर्ज दिल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख. पहिल्या पाचांत कर्ज नोव्हेंबरात उघडलेलं आणि पुढच्या दिवाळीच्या आतबाहेर बंद. मधे दोन वर्षं मोकळी, मग पुन्हा नोव्हेंबर. काहीतरी ओळखीचं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग सहावी ओळ बघितली. ती नोव्हेंबरातली नव्हती, मेमधली होती. त्याच वर्षी जूनमध्ये मी कायमची परत आले होते.

सहा ओळी म्हणजे माझ्या सहा फेऱ्या होत्या.

नवरा, मुलगा आणि मी, आम्ही तिघं डिसेंबरात यायचो, नाताळच्या सुट्टीत. प्रत्येक वेळी घरात काहीतरी नवीन असायचं. एकदा आतल्या खोलीत एसी बसवलेला होता, कारण मुलाला उकडेल. एकदा न्हाणीघर फोडून इंग्रजी पद्धतीचा संडास केलेला. एकदा गीझर, एकदा दोन मोठ्या गाद्या. परतताना मला पैठणी, नवऱ्याला सोन्याचं पाणी दिलेलं घड्याळ, आणि माझ्या सासरच्या सगळ्यांना आहेर. मी तिकडे मैत्रिणींना सांगायचे, आमचे आईबाबा अगदी मजेत आहेत, नवीन नवीन घेत असतात. आणि दर डिसेंबरात आईच्या हातात काचेच्या बांगड्या असायच्या. मी विचारलंही होतं एकदा. चोऱ्या वाढल्यात, लॉकरमध्ये ठेवल्यात, ती म्हणाली होती, आणि मी माझ्या वहीत लिहिलं होतं, ‘आईला सांगणे, मोठा लॉकर घे’.

आता बँकेत, त्या अनोळखी मुलासमोर, मी विचारलं, की मी दर महिन्याला पैसे पाठवत होते, त्यांचं काय झालं. आवाज माझा मलाच चढलेला ऐकू आला.

“एफडी केल्यात,” बाबा म्हणाले. “सगळ्या आहेत कपाटात. तुझे पैसे तुला परत द्यायचे, आपण हात लावायचा नाही, असं पहिल्याच महिन्यात ठरवलंय मी.”

“मग आईने तुम्हाला का नाही सांगितलं?”

आईने पहिल्यांदा मान वर केली. “यांना सांगितलं असतं तर यांनी एफडी मोडली नसती. भाषण दिलं असतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. तिकिटाचे पैसे पाठवले असतेस.”

अधिकाऱ्याने आम्हाला पाणी दिलं आणि झेरॉक्स काढायला म्हणून तो उठून गेला. झेरॉक्स काढायचं काहीच नव्हतं.

फेडलं कशातून, ते रिक्षातून घरी जाताना कळलं. ती चकलीची भाजणी करून द्यायची, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबा त्याला हौस म्हणायचे, आणि एसी-गीझर त्याच पैशांतून येतात असं समजायचे. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तिच्या भाजणीला अर्ध्या कोथरूडातून मागणी असायची, आणि त्या हौशीतून ती वर्षाच्या आत मुद्दल आणि व्याज एकदम भरून पाटल्या सोडवून आणायची. जिना चढताना बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबले, भिंतीला टेकले आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, “आमच्या बँकेत आली असतीस तर अर्धा टक्का कमी लावला असता.”

“तुमच्या बँकेत आले असते तर तुमच्या शिपायाने तुम्हाला सांगितलं असतं,” आई म्हणाली आणि त्यांची काठी उचलून पुढे गेली.

आईच्या स्कोअरवर मला कर्ज मिळणार नव्हतं, हे अधिकाऱ्याने निघताना समजावलं होतं. तिचं वय, आणि उत्पन्न कागदावर शून्य. फेडणारी मी, म्हणून इतिहासही माझाच लागणार. सहा-सात महिने जाऊ द्या, म्हणाला. कुठेही नवा अर्ज करू नका. एफडी ठेवून तिच्यावर मिळतं ते क्रेडिट कार्ड घ्या, त्याला इतिहास लागत नाही. थोडं वापरा, दर महिन्याला पूर्ण भरा.

पण दिवाळी तीन महिन्यांवर होती. मी मालकीणबाईंकडे गेले आणि जे घडलं ते, पाटल्यांचं सोडून, सगळं सांगितलं. मग एक प्रस्ताव ठेवला. तुम्ही बंगळुरूला जा, फ्लॅट आम्हाला अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं द्या, बाबा आत्ताच खाली येतील. कर्ज मंजूर झालं की ठरलेल्या भावानं खरेदी. नाही झालं तर अकरा महिन्यांनी तुम्ही मोकळ्या. बाईंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

“म्हणजे एकोणीस वर्षं अमेरिकेत राहून तुमची पत माझ्या शाळेतल्या पोरांएवढीच,” त्या म्हणाल्या. “बरं. भाडं मात्र पाच तारखेला.”

बाबा सप्टेंबरात खाली आले, पण फ्लॅट आपला होईपर्यंत ते लाल कलम मी खोडलं नाही. त्याच आठवड्यात मी एक लाखाची एफडी केली. तिच्यावर ऐंशी हजार मर्यादेचं कार्ड मिळालं. बिगबाजाराच्या रांगेत उभी राहून मी त्या कार्डावर तूरडाळ, साबण, पायपुसणी घेत होते, कधी वीस हजारांच्या वर नाही, आणि बिल आलं की दुसऱ्या दिवशी भरत होते. आईला हे फार हास्यास्पद वाटायचं. आपलेच पैसे बँकेत ठेवायचे, आपल्यालाच उसने द्यायला लावायचे आणि परत करून शाबासकी मिळवायची. पण तारखेच्या बाबतीत ती माझ्याहून कडक निघाली. बिल दुसऱ्या दिवशी भरते म्हटलं तर म्हणायची, आजच का नाही? वीज गेली तर? शेवटच्या दिवशी बँकेच्या दारात उभं राहायचं नसतं, चेहऱ्यावर दिसतं.

तिचं चालू कर्ज मी दुसऱ्याच दिवशी फेडायला निघाले होते. तिने साफ नाही म्हटलं. ते माझं आहे, मुदत मेपर्यंत आहे, तू त्यात पडू नकोस. बाबांनी एफडी मोडायची तयारी दाखवली, त्यांनाही नाही म्हटलं. त्या दिवाळीत तिने भाजणीच्या ऑर्डरी दुपटीनं घेतल्या. या वेळी बाबा तळमजल्याच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे घेऊन वहीत लिहू लागले. पावतीवर तारीख घालायला ते एकदाही विसरले नाहीत.

मार्चमध्ये माझा स्कोअर आला. सातशे बेचाळीस. आईपेक्षा कमी. अधिकाऱ्याने फाइल पुढे पाठवली आणि दहा दिवसांनी फोन केला, की मंजुरीला एकच कागद अडलाय, काकूंचं सोनेतारण बंद झाल्याचं पत्र. आई म्हणाली, उद्या जाऊ. पैसे तिच्या डब्यात जानेवारीपासून तयार होते. तिने ते मोजूनसुद्धा ठेवलेले होते.

तिच्या बँकेत मी पहिल्यांदाच गेले. घरापासून दहा मिनिटांवर, भाजीबाजाराच्या मागे. शिपायाने तिला नमस्कार केला. खिडकीतल्या बाईंनी न विचारता तिची फाइल काढली. पैसे भरले, सही झाली, आणि मोहोर लावलेली पिशवी आली. सोनाराने ती तिच्यासमोर फोडली, पाटल्या काट्यावर ठेवल्या, वजन पावतीशी ताडून दाखवलं. आईने त्या तिथेच हातात चढवल्या. काचेच्या बांगड्यांच्या मागे, एकेक करून, साबण न लावता.

“झालं आजी?” खिडकीतल्या बाई पत्रावर शिक्का मारता मारता म्हणाल्या. “लेक गेली वाटतं परत?”

मी तिथेच उभी होते, हातात यादी घेऊन.

“नाही,” आई म्हणाली. “आता राहिलीय.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पत्र माझ्याकडे न देता आईच्या हातात दिलं. मी त्रेसष्टातलं ते लाल कलम खोडायला पेन काढलं. आईने मला थांबवलं. आधी हे त्या अकोल्याच्या मुलाला नेऊन दे, म्हणाली, आजच.